बातमीदारासाठी परीक्षण

पुस्तकाचा शेवट सांगून टाकणाऱ्याला शिक्षा काय असावी, यावर माझं मत पक्कं आहे. पण ते मोठ्या माणसांसमोर बोलण्यासारखं नाही.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे बातमीदार म्हणायचे. सामना उशिरापर्यंत चालला आणि तुम्ही झोपून गेलात, तर सकाळी शाळेच्या फाटकातच तो निकाल ऐकवणार. रविवारी सिनेमाला जायचं म्हणून तुम्ही खुशीत असाल, तर ‘तो मरतो हं शेवटी’ असं म्हणून निवांतपणे डबा उघडणार. आपल्याला आधी कळलंय हे चारचौघांत सांगितल्याशिवाय त्याला अन्नच पचत नसे. वर अभ्यासात हुशार, भरपूर वाचणारा आणि शाळेच्या मासिकाचा विद्यार्थी-संपादक. त्यामुळे शिक्षकांच्या गळ्यातला ताईत.

माझ्या बाबतीत त्याने काय केलं ते सांगते. मी एक रहस्यकथा वाचत होते. जाडजूड होती. जेवताना वाचायची नाही म्हणून आईने दोनदा हिसकावून घेतली होती, तरी मी ती पुरवून पुरवून वाचत होते. शेवटची तीस-चाळीस पानं मुद्दाम ठेवली होती, कारण ती शाळेच्या वाचनालयात खिडकीजवळच्या बाकावर बसून वाचायची असं मी ठरवलं होतं. बसले, पान उघडलं, आणि हा मागून वाकून म्हणाला, “अजून इथेच? अगं, मामानेच केलंय सगळं.”

आजूबाजूची पोरं हसली. मी पुस्तक मिटलं. ती पानं मी आजतागायत वाचलेली नाहीत. घरी जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर मला जे वाटलं त्याला राग म्हणणं म्हणजे कमीच. माझ्या तोंडचा घास त्याने काढून घेतला होता, तोही त्याला भूक नसताना. याचा सूड उगवल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते.

संधी चालून आली ती वाचनालयातूनच.

बातमीदाराचा एका पुस्तकावर जीव जडलेला होता, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. ‘बंद गिरणीच्या मुली’ नावाची तीन भागांची कादंबरी. पहिले दोन भाग आमच्या वाचनालयात होते, तिसरा नव्हता. प्रकाशकाने दुकान कधीच गुंडाळलं होतं, त्यामुळे तिसरा भाग कुठे विकतही मिळत नव्हता. दर आठवड्याला हा ग्रंथपाल सरांच्या टेबलाशी जाऊन विचारायचा, “आला का सर?” आणि सर मान न उचलता म्हणायचे, “आला असता तर मीच तुला शोधत आलो असतो.” दोन वर्षं हे चाललं होतं. एवढ्या मोठ्या जगात हा एकच शेवट असा होता, जो बातमीदाराला माहीत नव्हता.

मग कोणा निवृत्त शिक्षकांनी घरातली पुस्तकं शाळेला दिली आणि त्या खोक्यात तिसरा भाग निघाला. एकुलती एक प्रत, पाठकोरा खाकी कागद चढवलेली.

आमच्याकडे पद्धत अशी होती की वाचनालयात आलेलं नवं पुस्तक आधी मासिकाच्या परीक्षणासाठी जायचं. परीक्षण छापून आलं की मग ते पुस्तक मुलांना खुलं. सर मागणी करणाऱ्यांची नावं क्रमाने लिहून घेत आणि एकेकाला आठवडाभर देत. त्यात आणखी एक नियम होता: मासिकाच्या मंडळातल्या कोणी परीक्षणाच्या पुस्तकाची मागणी करायची ती इतर सगळ्या मुलांच्या नंतर. आधीच्या वर्षीचे संपादक चांगली पुस्तकं आपसातच फिरवतात अशी ओरड झाली होती, तेव्हा बातमीदाराने संपादक झाल्या झाल्या हा नियम केला होता. सभागृहात उभं राहून, हात वर करून जाहीर केला होता. टाळ्या पडल्या होत्या. मीसुद्धा वाजवल्या होत्या.

आणि संपादकाने स्वतः लेख लिहायचा नाही, हेही ठरलेलं. म्हणजे परीक्षण दुसऱ्या कोणीतरी करायचं. भाषेच्या बाई मासिकाच्या प्रमुख. त्यांनी वर्गात विचारलं, “कोण लिहिणार?” बाईंचा प्रश्न पुरता व्हायच्या आत माझा हात वर होता. बातमीदाराने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला पाहून मला जे सुख झालं, ते वर्णन करण्यासारखं नाही.

पहिले दोन भाग मी आधी वाचून काढले, मग तिसरा. पुस्तक असं होतं की मी काय करायला बसले आहे तेच दोन दिवस विसरले. मग आठवलं, आणि लिहायला घेतलं.

माझा बेत साधा होता. छापखान्यातून प्रूफ आलं की ते तपासायचं काम संपादकाचं. तेही असंतसं नाही: संपादक प्रूफ मोठ्याने वाचणार, ज्याने लिहिलंय तो समोर मूळ कागद घेऊन बसणार, आणि दोघांनी ताडून पाहायचं. एकही ओळ गाळता येत नाही. म्हणजे मी परीक्षणात शेवट पेरला, तर बातमीदाराला तो स्वतःच्याच तोंडाने, मोठ्याने, माझ्यासमोर वाचावा लागणार होता. आणि मला त्या वेळी त्याच्याकडे टक लावून बघायचं होतं.

अर्थात सरळ लिहिलं असतं तर बाईंनी ते छापखान्यात जाऊच दिलं नसतं. म्हणून मी डोकं चालवलं. शेवट उघडा लिहायचा नाही. पहिल्या भागात येणाऱ्या एका बारीकशा गोष्टीचा उल्लेख करायचा, की ‘शेवटचं पान मिटताना मला ती आठवली’. ज्याने पहिला भाग वाचलेला नाही, त्याला काहीच कळणार नाही. ज्याने वाचलाय, त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडणार. आणि शाळेत पहिला भाग असा तोंडपाठ असलेला एकच प्राणी होता.

बाईंनी माझे कागद शिक्षकांच्या खोलीत, चहाचा कप बाजूला सारून वाचले. लाल पेन काढलं.

“‘बिचारी आई’ असं लिहिलंयस. बिचारी का?”

“म्हणजे... तिचं पुढे...”

“बघ, पुढे तिचं काहीतरी वाईट होणार, हे मला कळलं की. विशेषण सांभाळून वापरायचं. नुसतं ‘आई’ लिही.” लाल रेघ. “आणि हे काय, ‘शेवटी जबरदस्त धक्का बसतो’?”

“बाई, धक्का कुठला ते नाही लिहिलं मी.”

“धक्का आहे हे तर लिहिलंस? आता वाचणारा पहिल्या पानापासून दबा धरून बसणार. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्यावर तो ठेवणारच नाही. मग त्या बिचाऱ्या लेखकाने एवढं कशाला रचलं?” बाई स्वतःच ‘बिचाऱ्या’ म्हणाल्या, हे मी बोलून दाखवलं नाही. “पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांशात जे घडतं, तेवढंच सांगायचं. माणसं कोण, अडचण काय, प्रश्न कुठला. प्रश्न नीट मांड आणि तिथून पळून जा. तुझ्या मागे वाचणारा पळत आला पाहिजे.”

मग त्या माझ्या त्या खास वाक्यापाशी आल्या. पेन थांबलं.

“ही कुठली गोष्ट म्हणायची? पुस्तकात आहे?”

“पहिल्या भागात आहे, बाई. सहज आठवली म्हणून लिहिली.”

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “मी पहिला भाग वाचलेला नाही. पण ज्याने वाचलाय, त्याला या वाक्यातून शेवट कळेल का? खरं सांग.”

बाईंशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. त्या मग पुढचं विचारतात.

“कळेल,” मी म्हणाले.

त्यांनी ते वाक्य अशा तऱ्हेने खोडलं की खालचा कागद फाटला. “पुन्हा लिहून आण. मुलांना पुस्तक वाचावंसं वाटेल असं लिही. हे वाचून त्यांना फक्त तुझी हुशारी कळते.”

मी चडफडत घरी गेले. दप्तर फेकलं. आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, तिच्यासमोर ओट्याला टेकून मी बाईंच्या नावाने बोटं मोडत राहिले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण आहे तरी काय त्या पुस्तकात?”

“दोन बहिणी असतात,” मी म्हणाले. “बाप बंद पडलेल्या गिरणीचा राखणदार. थोरली एके दिवशी गिरणीतून नाहीशी होते. पहिल्या भागात तेच. दुसऱ्यात सगळे तिला शोधतात. आणि तिसऱ्यात, नऊ वर्षांनी, एक बाई दारात उभी राहते आणि म्हणते, मी आले. आई तिला मिठी मारते. बाप रडतो. सगळं गाव बघायला येतं. फक्त धाकटीला वाटतं, ही ती नाही. आणि त्याच रात्री ती परत आलेली बाई अंधारात उठते, दिवा न लावता घरभर फिरते आणि एकाही वस्तूला न अडखळता नेमकी पाण्याच्या माठापाशी जाते. आता धाकटीने काय समजायचं?”

आईची सुरी थांबली. “मग? ती खरी असते का?”

“ते नाही सांगता येत.”

“अगं सांग ना.”

“वाचावं लागेल.”

“मला कुठे वेळ आहे? सांग पटकन, ती खरी का खोटी?”

“आई, नियम आहे.”

“आईला नियम सांगतेस?” ती खरंच चिडली. त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि भांडी घासून झाल्यावर तिने मला पुन्हा विचारलं. झोपायच्या आधी तिसऱ्यांदा. तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या माझ्या डोक्यात सुडाची खरी वाट उघडली. माझा मूळ बेत किती किरकोळ होता! शेवट एका वाक्यात सांगून टाकला असता तर बातमीदाराला एक झटका बसला असता, दोन दिवसांत तो सावरला असता. पण मी जर असं परीक्षण लिहिलं, की सगळी शाळा त्या एका प्रतीवर तुटून पडेल? त्याच्याच नियमाने तो सगळ्यांच्या मागे. प्रत्येक आठवड्याला आणखी एकाला शेवट कळणार, आणि याला नाही. शिवाय त्यात नियमाविरुद्ध काहीच नव्हतं. बाईच म्हणाल्या होत्या, मुलांना वाचावंसं वाटलं पाहिजे.

मग मी लिहिलं. आयुष्यात इतकं मन लावून मी काही लिहिलेलं नाही. गिरणीतला तो उग्र वास, बापाच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, दारातली बाई, अंधारातलं चालणं. लेखकाचं एकच वाक्य उचललं, तेही पंचविसाव्या पानावरचं. पुस्तकात काय खटकतं तेही लिहिलं: मधली दोन प्रकरणं गिरणीच्या यंत्रांवर आहेत आणि ती कंटाळवाणी आहेत, पण गाळू नका. (‘का गाळू नका’ हे लिहिलं नाही.) आधीचे भाग न वाचताही हे कळतं, हेही लिहिलं. म्हणजे कोणाला सबब उरायला नको. आणि शेवटी फक्त एवढंच की धाकटीच्या जागी मी असते तर त्या रात्री दिवा लावला असता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाईंनी यात एक स्वल्पविराम बदलला.

प्रूफ आलं तेव्हा बातमीदार आणि मी मासिकाच्या खोलीत समोरासमोर बसलो. माझ्या हातात मूळ कागद, त्याच्या हातात प्रूफ. तो आधी सावध होता, मला दिसत होतं. एकेक ओळ जिभेवर घेण्याआधी डोळ्यांनी हुंगत होता, कुठे काही पेरलंय का बघत. काही नाही हे कळल्यावर त्याचा आवाज मोकळा झाला. मग हळू झाला. अंधारातल्या चालण्यापाशी आल्यावर तो थांबलाच.

“चूक आहे का?” मी विचारलं.

“नाही.” त्याने पुढे वाचलं. संपलं तेव्हा तो प्रूफ खाली ठेवेना.

“छान लिहिलंयस,” तो म्हणाला. “तुला वाचायला मिळालं. नशीब आहे.”

मी म्हणाले, “तुझाही नंबर येईल की. सगळ्यांनंतर.”

मासिक वाटलं गेलं त्याच दिवशी मधल्या सुट्टीत ग्रंथपाल सरांच्या टेबलाशी इतकी गर्दी झाली की सरांनी दार लावून घेतलं. आठवी-नववीच्या सगळ्या तुकड्यांची पोरं. फुटबॉलशिवाय कशालाही हात न लावणारी पोरंसुद्धा. सरांनी नावं लिहिता लिहिता कपाळावरचा घाम पुसला आणि मला म्हणाले, “काय लिहिलंस गं बाई एवढं?” मी हिशेब केला: वर्ष संपेपर्यंत बातमीदाराचा नंबर लागत नव्हता.

आणि पुढचे आठवडे म्हणजे माझी चंगळ. ज्याचं वाचून होई, तो दुसऱ्या दिवशी वर्गात निराळ्याच चेहऱ्याने यायचा. दोघं वाचलेले भेटले की कोपऱ्यात कुजबुज. बातमीदार जवळ आला की गप्प. कोणी त्याला काही सांगत नव्हतं, उलट त्याच्याकडे पाहून हसायचे, आणि तेच त्याला जास्त झोंबायचं. त्याने दोघांना पुस्तक एक रात्र द्या म्हणून विनवलंसुद्धा. एकाला त्याने सामन्याचा निकाल सांगितला होता, दुसऱ्याला सिनेमा. दोघांनी त्याला वाटेला लावलं. डबा खाताना तो आता बोटं कानात घालून बसायचा, चुकून काही ऐकू येऊ नये म्हणून. मला त्याची दया आली का? मुळीच नाही. मी माझा डबा त्याच्या समोर बसून खायचे.

मग एका दुपारी तो मासिकाच्या खोलीत आला. मी एकटीच होते; परीक्षणानंतर बाईंनी मला पुढच्या अंकाच्या कामाला लावलं होतं. दार लोटून तो म्हणाला, “आम्ही चाललोय. बाबांची बदली झालीये. सत्र संपलं की नवी शाळा.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“सरांना विचारलं. नियम मोडता येत नाही म्हणाले. ‘नियम तूच केलायस,’ म्हणाले.” तो कसंनुसं हसला. “पुस्तक काही मिळत नाही आता. बाहेर तर कुठेच नाही ते. तू मला सांगून टाक. शेवट. ती खरी होती का?”

मला आधी वाटलं, नाही म्हणावं. मग वाटलं, छे. का म्हणून नाही? तो स्वतःहून मागतोय. त्याला सांगायचं, पण असं सुकंसुकं नाही. आधी त्याला भूक लावायची, चांगली कडकडून, आणि तो आ करून बसला की त्याच्या तोंडावर शेवट फेकायचा. मला जे झालं होतं तेच त्याला व्हायला हवं होतं, आणि तक्रार करायला जागाही नको होती.

“बस,” मी म्हणाले.

आणि मी सांगायला लागले. परीक्षणात जे लिहिलं नव्हतं तेही सांगितलं, पण हिशेबाने, पहिल्या एक-तृतीयांशातलंच. परत आलेल्या बाईला धाकटीने लहानपणीचं गाणं म्हणायला लावलं, आणि ती अर्ध्यावर विसरली. पण त्याच वेळी बापाच्या हाताची जुनी खूण तिने न बघता ओळखली. आई तिच्या केसांना तेल लावत होती आणि धाकटी दाराआडून बघत होती, की मानेवर थोरलीचा तो डाग आहे का, आणि केस बाजूला होत आले, होत आले... त्याचे डोळे मोठे झाले होते. खोलीत आम्ही दोघंच आहोत हे तो विसरला होता. मी श्वास घेतला. आता.

“थांब!” तो ओरडला. दोन्ही हात कानांवर, डोळे गच्च मिटलेले. “नको. नको सांगूस. मी शोधीन कुठेतरी. जुन्या पुस्तकांत असेल. नको.”

मी त्याच्याकडे पाहिलं. शेवट माझ्या जिभेवर येऊन बसला होता. आणि मी तो सांगितला. पूर्ण, सुटा सुटा, नेहमीच्या आवाजात, त्याच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर. इथे लिहीत नाही, कारण तुम्ही वाचलेलं नसेल. सांगून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीला टेकले.

बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा उघडला, मग हात काढले. “बोललीस ना काहीतरी? ओठ हलले तुझे.”

“तुला ऐकू आलं?”

“नाही. कान दाबून धरले होते. पुन्हा नको बोलूस.”

पुन्हा बोलणं काही अवघड नव्हतं. चार शब्द होते. तो समोरच होता, कान उघडे होते. पण मला जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, आणि त्याने स्वतःच्या कानांवर घातलेले ते हात मी पाहिले होते. मी फक्त मान हलवली.

तो उठला. दाराशी जाऊन थांबला, माझ्याकडे न बघता म्हणाला, “त्या वेळी मी तुला मामाचं सांगायला नको होतं.”

“नकोच होतं,” मी म्हणाले.

तो वाट बघत होता, मी ‘असू दे’ म्हणेन म्हणून. मी म्हणाले नाही. मग तो गेला. आता तो जाईल त्या गावातली जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळणार होता, खाकी कव्हर दिसलं की उघडून बघणार होता, आणि कितीतरी वर्षं ते त्याला सापडणार नव्हतं. मी समोरचं प्रूफ ओढलं आणि कामाला लागले.